घट कोणाची, भरपाई कोणाची?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'एकाच दागिन्याची दोन बिलं'. दोन्ही बिलांच्या झेरॉक्स मी आणल्या आहेत, मागच्या रांगेपर्यंत पोहोचतील हळूहळू. बिलं खरं तर दोन अंदाजपत्रकं आहेत. आमच्या शेजारच्या वहिनींनी मुलीच्या लग्नासाठी साध्या पाटल्यांचा एक जोड बघितला, एकदा जांभळी नाक्यावर आणि एकदा गोखले रोडवर. नक्षी तीच, वजन तेच, 20 ग्रॅम. दुकानांची नावं मी खोडली आहेत, ओळखायचा प्रयत्न करू नका. समोरच्या काकू आत्ताच झेरॉक्स उजेडात धरून बघतायत.

बिलांकडे येतोच. त्याआधी घटीबद्दल दोन शब्द बोलू द्या. मी बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बसायचो. तिथे रोज कोणीतरी बिल घेऊन यायचं आणि म्हणायचं, साहेब, बिलावर एकवीस ग्रॅमचे पैसे घेतलेत, तुमच्या काट्यावर वीसच कसे? वीसच, कारण दागिना वीसचाच होता. उरलेला एक ग्रॅम घट म्हणून लावलेला. गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं, जणू तो ग्रॅम मीच ड्रॉवरमध्ये टाकलाय.

घट खोटी आहे असं मी म्हणत नाही. हाताने दागिना घडतो तेव्हा कानस चालते, तार ओढली जाते, डाग देऊन जोड सांधले जातात, पॉलिश होतं, आणि प्रत्येक वेळी थोडं सोनं झडतं. पण झडलेलं सोनं जातं कुठे? कारागिराच्या मेजाखाली, चटईत, हात धुतलेल्या पाण्यात. आमच्या लहानपणी सोनाराच्या दुकानातला केर टाकून देत नसत, तो झारेकऱ्याला विकत. झारेकरी म्हणजे राख आणि माती धुऊन त्यातलं सोनं काढणारा माणूस. केराला गिऱ्हाईक असलेला दुसरा धंदा मला तरी माहीत नाही! आता मोठ्या कारखान्यांत धूळ ओढून घेणारी यंत्रं असतात, बराच भुस्सा परत वितळवला जातो. शेवटी काही अंश खरोखरच हरवतो, बारीक तारकामात जास्त, साच्यातल्या किंवा यंत्रावरच्या कामात कमी. आपल्या पाटल्या यंत्रावरच्या आहेत.

पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. दुकानदार त्या पाटल्या बहुधा घडवतच नाही. झवेरी बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून तयार आणतो. तिथे मजुरी बऱ्याचदा सोन्याच्या टक्क्यांतच ठरते, म्हणजे शंभर ग्रॅम माल घेतला तर इतके ग्रॅम सोनं जास्त द्यायचं. त्यामुळे काउंटरवरचा माणूस 'घट' म्हणतो तेव्हा तो थाप मारतोय असंही नाही, त्याला तसंच मोजून मिळालेलं असतं. पण तुमच्या दृष्टीने ती घट नाहीच, दुसऱ्या रकान्यात लिहिलेली घडणावळ आहे. आणि ती टक्क्यांत असल्यामुळे भाव दुप्पट झाला की तीही दुप्पट. कारागिराने कानस दुप्पट फिरवलेली नसते. म्हणून मी घडणावळ ग्रॅममागे किती रुपये, असं विचारतो. काही दुकानं सांगतात, काही चहा मागवतात.

हॉलमार्कचं काय, असं तिकडून कोणीतरी विचारलंत. बरोबर आहे. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा बघायच्या: भारतीय मानक ब्युरोचं म्हणजे बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, 22K916 अशी शुद्धता, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. 916 म्हणजे हजार भागांत 916 भाग सोनं. 18 कॅरेट असेल तर 750 दिसेल, आणि तेव्हा भावही 18 कॅरेटचाच लागायला हवा. क्रमांक BIS Care ॲपमध्ये टाकला की कोणत्या केंद्रात तपासणी झाली, कोणत्या नोंदणीकृत सराफाने दागिना पाठवला होता, ते दिसतं. शुद्धता कमी निघाली तर नियमाप्रमाणे त्या फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. पण हॉलमार्क फक्त शुद्धतेची हमी देतो. घडणावळ रास्त आहे का, घट कशाची, यावर तो गप्प असतो. वहिनींच्या दोन्ही पाटल्यांना दोन्हीकडे शिक्का होता, त्यामुळे शुद्धतेत बरोबरी.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग झेरॉक्स काढा, पटकन.

आकडे सोपे व्हावेत म्हणून 22 कॅरेटचा भाव दोन्हीकडे ग्रॅमला 11 हजार धरलाय. जांभळी नाका: 20 ग्रॅमचं सोनं 2,20,000. घडणावळ 14 टक्के, म्हणजे 30,800. बेरीज 2,50,800. त्यावर 3 टक्के जीएसटी 7,524. हॉलमार्कचे नगामागे 45 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर, दोन नगांचे 106 रुपये 20 पैसे. एकूण 2,58,430 रुपये आणि 20 पैसे.

गोखले रोड: दारावर पाटी, 'घडणावळ फक्त 8 टक्के'. वहिनी साहजिकच तिकडे झुकल्या. पण खालची ओळ वाचा: घट 6 टक्के. वीस ग्रॅमवर सहा टक्के म्हणजे 1.2 ग्रॅम, भाव लागला 21.2 ग्रॅमला, 2,33,200. आता आठ टक्के कशावर? वाढलेल्या रकमेवर! ते झाले 18,656. बेरीज 2,51,856, जीएसटी 7,555 रुपये 68 पैसे, हॉलमार्क तेवढाच. एकूण 2,59,517 रुपये 88 पैसे. म्हणजे आठ टक्केवाला चौदावाल्यापेक्षा हजार-अकराशे रुपयांनी महाग. आठ अधिक सहा चौदा होतात, पण इथे एकावर एक चढतात आणि होतात 14.48.

तपासायची युक्ती एकच. करापूर्वीची रक्कम घ्या, हॉलमार्कचे पैसे सोडून. निव्वळ वजन गुणिले त्या दिवसाचा भाव त्यातून वजा करा. उरेल ती खरी घडणावळ, नाव काहीही असो. ती सोन्याच्या किमतीने भागून शंभराने गुणा. पहिल्याचे 14, दुसऱ्याचे 14.48. मात्र भाव दोन्हीकडे एकाच दिवसाचा आणि एकाच कॅरेटचा घ्या, नाहीतर तुलना फसते.

निव्वळ वजन म्हणजे मणी, खडे, लाख काढून. काळ्या मण्यांच्या मंगळसूत्रात हा फरक मोठा असतो आणि मण्यांना सोन्याचा भाव लागला तर तिथेच सगळा हिशेब बसला. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलात निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचे पैसे वेगवेगळे लिहिलेले असलेच पाहिजेत. नसेल तर पैसे द्यायच्या आधी लिहून मागा.

वहिनींनी जांभळी नाक्यावर घासाघीस करून 14 चे 12 करून घेतले. म्हणजे साडेचार हजार वाचले. हो काकू, दुकानाचं नाव सांगतो, पण बाहेर, चहा घेताना.