तुटक वाक्यांना लय देताना

श्रोतेहो, नमस्कार.

आठवी-नववीच्या मुलांचे निबंध तपासणाऱ्या शिक्षकांना एक अनुभव नेहमी येतो. शुद्धलेखन ठीक असते, व्याकरणाची चूक सापडत नाही, विषयही सुटलेला नसतो. तरीही वाचताना कंटाळा येतो आणि शेरा काय लिहावा हे सुचत नाही. मग 'भाषा सुधारा' असे लिहून वही परत केली जाते, आणि नेमके काय सुधारायचे हे मुलाला कळत नाही. अशा लेखनातला दोष बहुतेक वेळा वाक्यांच्या लांबीत आणि त्यांच्या शेवटांत असतो. तो दूर कसा करावा, हे आज एका परिच्छेदाच्या आधाराने पाहू. आठवडी बाजारावर लिहिलेला हा परिच्छेद नमुन्यादाखल घेतला आहे. मी तो सावकाश वाचतो.

"आमच्या गावात दर सोमवारी बाजार भरतो. बाजार मोठा असतो. बाजार नदीकाठी असतो. मी आजीबरोबर बाजारात गेलो. आजीला मिरच्या घ्यायच्या होत्या. मिरच्या महाग होत्या. आजीने भाव केला. बाई ऐकत नव्हती. आजी पुढे निघाली. बाईने हाक मारली. तिने भाव कमी केला. आम्ही मिरच्या घेतल्या. आम्ही घरी आलो."

ही तेरा वाक्ये आहेत आणि एकाही वाक्यात सहापेक्षा जास्त शब्द नाहीत. पण त्रास केवळ आखूडपणाचा नाही. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे आपल्या वाक्याची लय शेवटच्या शब्दावर ठरते. 'असतो, असतो', 'होत्या, होत्या, नव्हती' असे शेवट ठरावीक अंतराने येत राहिले की कान पुढचे वाक्य ऐकण्याआधीच त्याचा शेवट ओळखतो. म्हणून पहिले काम म्हणजे परिच्छेद मोठ्याने वाचणे आणि प्रत्येक वाक्याच्या पहिल्या आणि शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढणे. 'बाजार, बाजार' आणि 'आम्ही, आम्ही' अशा सुरुवाती व 'असतो, असतो' असे शेवट एकदा डोळ्यांसमोर आले, की आपले लेखन कुठे अडते हे मुलाला शिक्षकाने सांगावे लागत नाही.

आता जोडणीकडे वळू. शाळेच्या व्याकरणात आपण केवल, मिश्र आणि संयुक्त असे वाक्यांचे प्रकार शिकतो, पण बहुतेक मुलांना ते वाक्य ओळखण्यापुरते माहीत असतात. लिहिताना दोन वाक्ये जोडायची म्हटले की त्यांना 'आणि' हा एकच शब्द आठवतो. खरे तर जोडणारा शब्द शोधण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय? एक दुसऱ्याचे कारण आहे का, एक आधी आणि दुसरे नंतर घडले का, एक दुसऱ्याच्या विरुद्ध जाते का, की दुसरे वाक्य पहिल्यातल्या एखाद्या नामाविषयी थोडी माहिती देते एवढेच? उत्तर मिळाले की रचना बहुधा आपोआप सुचते.

पहिली तीन वाक्ये घ्या. दुसऱ्या वाक्यात नवा शब्द 'मोठा' एवढाच आहे आणि तिसऱ्यात 'नदीकाठी'. एका शब्दासाठी अख्खे वाक्य खर्ची पडले आहे. अशा ठिकाणी उभयान्वयी अव्ययाची गरजच नसते. तो शब्द पहिल्या वाक्यात त्याच्या जागी नेऊन बसवला की काम होते. "आमच्या गावात दर सोमवारी नदीकाठी मोठा बाजार भरतो." विशेषण नामाच्या आधी आले, स्थळ क्रियापदाच्या आधी आले, आणि तयार झाले ते साधे केवल वाक्यच. वाक्य लांब करायचे म्हणजे ते गुंतागुंतीचेच करायचे, असा मुलांचा समज असतो. तो इथे दूर होतो.

पुढच्या दोन वाक्यांत कार्यकारणाचा संबंध आहे. "आजीला मिरच्या घ्यायच्या होत्या, म्हणून मी तिच्याबरोबर बाजारात गेलो" असे लिहिता येईल, किंवा "मी आजीबरोबर बाजारात गेलो, कारण तिला मिरच्या घ्यायच्या होत्या" असेही. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्हींचा भार वेगळ्या जागी आहे. पहिल्यात जाणे शेवटी येते, आणि पुढची हकिकत बाजारातच घडत असल्याने ते वाक्य इथे जास्त शोभते. तिसरा मार्ग धातुसाधिताचा: "मिरच्या घ्यायला निघालेल्या आजीबरोबर मीही तिथे गेलो." 'निघालेल्या' या एका शब्दाने एक पूर्ण वाक्य विशेषणाच्या रूपात आत घेतले. 'बाजार' हा शब्द आदल्या वाक्यात नुकताच येऊन गेल्यामुळे 'तिथे' पुरला, आणि आजीच्या मागे मुलगा निघाला हे 'मीही' मधल्या एका 'ही'ने सांगितले. मला स्वतःला हा तिसरा मार्ग अधिक आवडतो, पण मुलाने तिन्ही लिहून, मोठ्याने वाचून मगच निवड करावी.

मिरच्यांच्या घासाघिशीत आणखी दोन संबंध आहेत. महाग असणे हे भाव करण्याचे कारण, आणि बाईचे न ऐकणे हे त्या प्रयत्नाच्या विरुद्ध. म्हणून एक 'म्हणून' आणि एक 'पण' पुरेसा होतो: "मिरच्या महाग होत्या, म्हणून आजीने भाव केला, पण विकणारी बाई काही ऐकेना." इथे 'ऐकत नव्हती' याच्या जागी 'ऐकेना' आले आहे, त्याकडे लक्ष द्या. मराठीने नकारासाठी दिलेले हे रूप आपण बोलताना सर्रास वापरतो आणि लिहिताना मात्र विसरतो. त्याने 'होत्या'-'नव्हती'ची माळ तुटते आणि बाईचा हट्टही ऐकू येतो. 'विकणारी' हा शब्द मूळ परिच्छेदात नव्हता. बाई कोण, हे लेखकाने सांगितलेच नव्हते आणि तुटक वाक्यांच्या गर्दीत ती उणीव लपून गेली होती. जोडताना अशा उणिवा वर येतात. त्या शिक्षकाने भरू नयेत, मुलालाच विचाराव्यात.

यानंतर येते 'आजी पुढे निघाली' हे वाक्य. ते तसेच ठेवावे. हकिकत इथे वळते, आणि बारा शब्दांच्या वाक्यानंतर आलेले हे तीन शब्द ऐकणाऱ्याला क्षणभर थांबवतात. मूळ परिच्छेदातही हे वाक्य अगदी असेच होते, पण भोवती सगळी वाक्ये त्याच मापाची असल्याने त्याचा काही परिणाम होत नव्हता.

आता पूर्ण परिच्छेद ऐका. "आमच्या गावात दर सोमवारी नदीकाठी मोठा बाजार भरतो. मिरच्या घ्यायला निघालेल्या आजीबरोबर मीही तिथे गेलो. मिरच्या महाग होत्या, म्हणून आजीने भाव केला, पण विकणारी बाई काही ऐकेना. आजी पुढे निघाली. तेवढ्यात बाईने हाक मारून भाव कमी केला. मिरच्या घेऊन आम्ही घरी आलो." तेरा वाक्यांची सहा झाली. त्यांचे शेवट भरतो, गेलो, ऐकेना, निघाली, केला, आलो असे आहेत आणि लांबी तीन शब्दांपासून बारा शब्दांपर्यंत बदलत जाते.

शेवटच्या दोन वाक्यांत 'मारून' आणि 'घेऊन' ही रूपे आली, आणि मुलांची सर्वात जास्त गफलत याच रूपांत होते. 'ऊन' लागलेले रूप वापरायचे तर दोन्ही क्रिया करणारा साधारणपणे एकच असावा लागतो. हाक बाईने मारली आणि भावही तिनेच कमी केला, म्हणून 'हाक मारून भाव कमी केला' बरोबर. पण "आजी पुढे निघून बाईने हाक मारली" असे लिहिले तर कानाला लगेच खटकते, कारण निघणारी एक आणि हाक मारणारी दुसरी. कर्ते वेगळे असतील तिथे 'ताच' किंवा 'ल्यावर' ही रूपे उपयोगी पडतात: "आजी पुढे निघताच बाईने हाक मारली." 'ताना'चा धोका याहून सूक्ष्म आहे. "बाजारातून येताना मी आजीला पाहिले" या वाक्यात येत कोण होते, मी की आजी? वाक्य चुकीचे नाही, पण दोन अर्थांचे आहे. आजी येत असेल तर "आजी बाजारातून येत असताना मी तिला पाहिले" असे स्पष्ट लिहावे.

जोडणी जमू लागली की मुले काही दिवस तिचा अतिरेक करतात. "मी सकाळी उठून, आंघोळ करून, बाजारात जाऊन, मिरच्या घेऊन, घरी येऊन अभ्यासाला बसलो" या वाक्यात कर्ता एकच आहे, म्हणून व्याकरण बिघडलेले नाही. पण आधी जो कंटाळा 'होत्या'ने आणला, तोच आता 'ऊन'ने आणला, आणि सहा गोष्टींपैकी महत्त्वाची कोणती हे कळेनासे झाले. एका वाक्यात अशी दोन रूपे पुरेत. तिसरे आले की तिथे वाक्य तोडता येते का ते पाहावे. हा नियम नव्हे, माझा अंदाज आहे, पण शाळेच्या निबंधात तो बराच उपयोगी पडतो.

दुसरा अतिरेक 'जो-तो'च्या रचनेत होतो. "ती बाई, जिच्याकडून आजी दर सोमवारी मिरच्या घेते, त्या दिवशी आलीच नव्हती" असे मुले हल्ली पुष्कळदा लिहितात. यात कर्ता सुरुवातीला सांगून टाकला आणि क्रियापद पार शेवटी राहिले, त्यामुळे ऐकणारा मधल्या सगळ्या शब्दांत ताटकळत राहतो. 'जो'चे उपवाक्य आधी येणे मराठीच्या जास्त अंगवळणी पडलेले आहे: "ज्या बाईकडून आजी दर सोमवारी मिरच्या घेते, ती त्या दिवशी आलीच नव्हती." शब्द जवळजवळ तेवढेच आहेत, पण 'ज्या'ने उभी केलेली अपेक्षा 'ती'ने पुरी केली आणि क्रियापद तिच्या जवळच आले.

वही तपासणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. परिच्छेद स्वतः जोडून देऊ नका. ज्या दोन वाक्यांत नाते आहे त्यांच्या मध्ये समासात फक्त 'का?', 'केव्हा?' किंवा 'कोणता?' एवढेच लिहा. 'का?' पाहून मूल 'म्हणून'पर्यंत पोचेल, 'केव्हा?' पाहून 'ताच'पर्यंत किंवा 'ल्यावर'पर्यंत, आणि 'कोणता?' पाहून विशेषणापर्यंत किंवा 'लेला'पर्यंत. एका वेळी एकच परिच्छेद घ्या, आणि दुरुस्त झालेला परिच्छेद मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्या. वाचताना ज्या वाक्यात त्याचा श्वास मध्येच तुटेल ते अजून लांब आहे, आणि जिथे सलग तीन वाक्ये एकाच सुरात संपतील तिथे पेन्सिल पुन्हा हातात घ्यावी लागेल.