गौरीचे तीन दिवस आणि नैवेद्याचे ताट

श्रोतेहो, गणपती चतुर्थीला येतात, म्हणजे ते तिथीचे पाहुणे आहेत. गौरी मात्र नक्षत्राने येते. भाद्रपद शुद्ध पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना तिचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा क्रम असल्यामुळे चतुर्थी आणि गौरी यांच्यातले अंतर दर वर्षी सारखे नसते. 2024 साली गणपती 7 सप्टेंबरला बसले आणि गौरी 10 सप्टेंबरला, सप्तमीला आल्या. 2025 साली गणपती 27 ऑगस्टला बसले आणि गौरी 31 ऑगस्टला, अष्टमीला आल्या. ज्या घरांत गणपती गौरीबरोबर जातात, तिथे त्यांचा मुक्काम म्हणूनच एका वर्षी सहा दिवसांचा, तर दुसऱ्या वर्षी सात दिवसांचा झाला. ‘पाच दिवसांचा गणपती’ ज्यांच्याकडे असतो, त्यांनी कॅलेंडर नीट पाहिले नाही तर ऐन पूजनाच्या आधी मूर्ती हलवण्याचा प्रसंग येतो.

गौरीचे रूप घराण्याप्रमाणे बदलते. कोकणस्थांच्या अनेक घरांत पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणून त्यांचीच पूजा होते. काही ठिकाणी मुळासकट उपटलेला तेरडा हीच गौर. देशावर पितळी किंवा शाडूचे मुखवटे. तर मराठवाडा-विदर्भात ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी ‘महालक्ष्म्या’ म्हणून साड्या नेसून उभ्या राहतात. आवाहनाची रीत मात्र बहुतेकांची मिळतीजुळती आहे. तुळशीपाशी मुखवटे सुपात किंवा ताम्हनात घेतलेल्या सवाष्णीच्या पायांवर उंबऱ्यात दूध-पाणी घालतात, थाळी चमच्याने वाजवतात आणि आतून कोणीतरी विचारते, “गौर कशाच्या पावलांनी आली?” “हळदीकुंकवाच्या पावलांनी आली,” असे उत्तर देत ती कुंकवाच्या ठशांवरून आत येते. मग तिला स्वयंपाकघर, धान्याची कोठी, तिजोरी आणि असल्यास गोठाही दाखवतात. आता फ्लॅटमध्ये कोठीच्या जागी फ्रीज दाखवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

पहिल्या दिवशी नैवेद्य साधा असतो, बऱ्याच घरांत भाकरी आणि शेपूची किंवा मेथीची भाजी. लेक प्रवासाने दमून माहेरी आली आहे, तिला पहिल्याच संध्याकाळी पक्वान्न नको, हे त्याचे घरोघरी सांगितले जाणारे कारण. खरा थाट ज्येष्ठेच्या दिवशी. मराठवाडा-विदर्भात सोळा भाज्या, सोळा चटण्या-कोशिंबिरी मांडण्याचा प्रघात आहे. पण सोळा पातेली चुलीवर चढवणे प्रत्येक घराला परवडत नाही, म्हणून बऱ्याच घरांत पडवळ, दोडका, भेंडी, गवार, लाल भोपळा अशा हाती आलेल्या भाज्या एकत्र शिजवून त्यांची एकच भाजी करतात आणि संख्या पुरी होते. ज्वारीची आंबील मात्र चुकवत नाहीत. कोकणात याच दिवशी घावन-घाटले असते.

पुरणपोळीच्या घरांत दिवसाचे वेळापत्रक पुरणच ठरवते. एक किलो हरभरा डाळीला साधारण एक किलो गूळ. डाळ भरपूर पाण्यात बोटाने सहज चेपेल इतकी मऊ शिजवावी, आणि तो कट पूर्ण निथळून घ्यावा, कारण त्याचीच पुढे चिंच-गुळाची आमटी होते आणि तो डाळीत राहिला तर पुरण सैल होते. गूळ घातल्यावर मिश्रण आधी पातळ होते, मग आळते. उलथणे मध्यभागी उभे राहिले की पुरण झाले असे समजावे. ते गरम असतानाच यंत्रातून काढावे, कारण गार झाल्यावर वाटले जात नाही आणि एखादी डाळ अख्खी राहिली तर पोळी नेमकी तिथेच फाटते. सोवळ्यातल्या स्वयंपाकात चव पाहता येत नसल्यामुळे हे सगळे डोळ्यांनी आणि हाताने ओळखावे लागते. मीठ कमी-जास्त झाल्याचे नैवेद्य दाखवल्यावरच कळते.

या ताटातल्या पदार्थांचा उगम गौरीच्या कहाणीत सापडतो. त्यातल्या गरीब ब्राह्मणाच्या घरी आलेली म्हातारी पहिल्या रात्री कण्यांची पेज खाते, दुसऱ्या दिवशी घावन-घाटले मागते आणि तिसऱ्या दिवशी दुधाची खीर. तीन दिवसांच्या जेवणाची चढण तीच आहे. म्हणून मूळ नक्षत्रावर निरोप देताना खीर-कानवले करतात, काही घरी वाटेसाठी दहीभात देतात, आणि सुताच्या सोळा पदरांना सोळा गाठी दिलेले हळदीचे दोरे सवाष्णी गळ्यात घालतात. मुखवट्यांवर अक्षता टाकून ते जागेवरून किंचित हलवले की विसर्जन झाले. ते पुढच्या वर्षासाठी पेटीत जातात. खड्यांच्या गौरी मात्र पुन्हा पाण्यात सोडतात, आणि परतताना तिथली थोडी वाळू आणून घरभर आणि धान्याच्या डब्यांवर टाकतात, कारण कहाणीतली म्हातारी जाताना ब्राह्मणाला तेच करायला सांगून गेली होती.