ओवीखालच्या कंसात काय लिहावं?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या लोकगीतांवर आता बरंच लिहिलं जातं. एम.ए.चे विद्यार्थी प्रबंधिका लिहितात, शिक्षक लेख लिहितात, दिवाळी अंकांतही काही ना काही येतं. लेखात चार ओव्या असतात आणि त्यांच्याखाली कंसात दोनच शब्द असतात: ‘पारंपरिक, नाशिक’. फार तर ‘एका वृद्ध महिलेकडून’. आज मी बोलणार आहे ते या कंसाबद्दल. त्यात काय यायला हवं, आणि ते लिहिता यावं म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळीच काय विचारून ठेवावं लागतं, ते एका ओवीच्या आधाराने सांगते.

सिन्नर तालुक्यातलं एक लग्नघर डोळ्यांसमोर आणा. हळदीचा कार्यक्रम आहे. जात्याची पूजा झाली, खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधली. दोघीजणी समोरासमोर बसून खुंटा धरतात. थोरली आजी ओवी उचलते, धाकटी जाऊ दुसरी ओळ झेलते. भोवती बसलेल्या बायकांपैकी एखादी मधेच आपली ओवी घालते. तुमचा फोन बाजूच्या पाटावर चालू आहे.

या ओवीचा संदर्भ द्यायचा, तर पहिला प्रश्न नावाचा. ओवीला शीर्षक नसतं, म्हणून आपण पहिली ओळ शीर्षकासारखी वापरतो. पण ‘पहिली माझी ओवी’ अशा सुरुवातीच्या ओव्या गावागावांत आहेत. एका बैठकीतच त्या सुरुवातीच्या तीन-चार निघतील. तेवढ्यावरून वाचकाला ओवी ओळखता येणार नाही. म्हणून पहिली ओळ पूर्ण लिहायची, अर्धी नाही, आणि तिच्यासोबत रेकॉर्डिंगमधली वेळ द्यायची: इतक्या मिनिट-सेकंदांपासून इतक्यापर्यंत. ही वेळ मूळ फाइलमधली हवी. अनेकजण आवडलेला तुकडा कापून घेतात आणि त्या तुकड्यातली वेळ लिहितात. पुढच्या माणसाच्या हाती मूळ फाइल पडली, तर त्याला त्या वेळेला भलतीच ओवी ऐकू येते.

मग येतो गायिकेचा प्रश्न. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबते.

सर्वात आधी नाव येतं ते गाणारीचं. रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव नंतर, ‘ध्वनिमुद्रण’ असं लिहून. आपल्याकडच्या अनेक जुन्या संग्रहांत उलटं झालेलं दिसतं. मुखपृष्ठावर संपादकाचं नाव आहे, आत शेकडो ओव्या आहेत आणि त्या गाणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचं जे प्रचंड काम उभं केलं, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. त्यांनी गाणारीचं नाव आणि गाव ओवीपासून तुटू दिलं नाही. आज ग्रामीण भारताच्या नोंदी जपणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या ऐकताना ती बाई कोण, कुठली, हेही वाचायला मिळतं, ते त्या नोंदींमुळे.

आता आमच्या लग्नघरात दोघी गात आहेत. ओवी कुणाची? जी उचलते ती मुख्य गायिका, जी झेलते ती साथीची. दोघींचीही नावं यायला हवीत. मधेच तिसरीने घातलेली ओवी तिच्या नावावर जाते. रेकॉर्डिंग घरी नेऊन ऐकताना आवाजांवरून हे वेगळं करता येईल, या भरवशावर राहू नये. दळणाच्या घरघरीत दोन म्हाताऱ्या आवाजांतला फरक कळत नाही. हाताशी वही ठेवावी आणि कोण उचलतंय ते वेळेसह टिपत जावं.

नाव विचारतानाही पुढे एक प्रश्न हवाच: ‘आजी, माहेर कुठलं?’ कारण ओव्या माहेराहून येतात. आमच्या या आजी सिन्नरच्या सुनबाई, पण त्यांचं माहेर निफाडकडचं. ‘ही कुणाकडून शिकलात?’ असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आईची हाये. गळा बी तिचाच.’ गळा म्हणजे चाल. एकीकडे शब्द आईचे, दुसरीकडे काही ओव्या त्यांनी सासरी आल्यावर स्वतः जोडलेल्या. नुसतं ‘सिन्नर तालुका’ लिहिलं असतं, तर निफाडची ओवी कायमची सिन्नरची झाली असती. पुढे कुणी बोलीचा किंवा चालीचा नकाशा काढायला बसलं, तर तो चुकला असता. त्यामुळे तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या: गायन कुठे झालं, गाणारी कुठे राहते, आणि ओवी कुठून आली.

प्रसंगही लिहायचा. हळदीच्या दळणात गायलेली ओवी आणि ‘आजी, म्हणून दाखवा ना’ म्हटल्यावर ओट्यावर बसून म्हटलेली ओवी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जात्याविना म्हटलेल्या ओवीची लय सैल पडते, पालुपदं गळतात. हे वाचकाला कळलं नाही, तर तो त्या गळतीवरून भलते निष्कर्ष काढेल. ‘विनंतीवरून, जात्याविना’ एवढे शब्द पुरतात.

आता हे सगळं एका नोंदीत कसं दिसतं, ते ऐका. तारीख नमुन्यादाखल घेते. ‘मुख्य गायिकेचं पूर्ण नाव, वय, राहणार अमुक गाव, तालुका सिन्नर, माहेर अमुक गाव, तालुका निफाड. ओवीची पूर्ण पहिली ओळ. जात्यावरची ओवी, हळदीचं दळण. साथ: जावेचं नाव. आईकडून शिकलेली. ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन: तुमचं नाव. 18 फेब्रुवारी 2024. फाइल 2024-02-18_sinnar_02.wav, 12:40 ते 13:25. मूळ प्रत अमुक महाविद्यालयाच्या मराठी विभागात.’ लेखात ओवीखाली छोटा कंस पुरतो: गायिकेचं नाव, वर्ष, वेळ. पूर्ण नोंद शेवटच्या यादीत जाते.

शब्दांकनाबद्दल एकच. आजी ‘पानी’ म्हणाल्या असतील, तर ‘पाणी’ करू नका. ऐकू आलं नाही तिथे टिंबं द्या, अंदाजाने शब्द घालू नका. शब्दांकन दुसऱ्याने केलं असेल, तर त्याचं नाव वेगळं द्या, कारण एखादा शब्द चुकीचा ऐकला गेला तर तो कुणाच्या कानाने, हे कळायला हवं.

फाइलच्या नावाचंही महत्त्व आहे. फोनवरचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवरून पाठवलं, की पलीकडे नाव उरतं AUD-20240221-WA0003 असलं काहीतरी. त्यातली तारीख पाठवल्याची असते, गायल्याची नसते. मी असे संदर्भ पाहिलेत, ज्यांत माघातलं लग्न चैत्रात गेलेलं आहे. यावर सोपा उपाय आहे, आणि आम्ही आवाजात काम करणारी माणसं तो नेहमी करतो. रेकॉर्डिंग सुरू झालं, की पहिल्या अर्ध्या मिनिटात स्वतःच्या तोंडाने बोलायचं: आज अमुक तारीख, अमुक गाव, अमुक घर, गाणाऱ्या या या, प्रसंग हा. मग गायिकेला विचारायचं, ‘आजी, तुमचं नाव लिहिलं तर चालेल ना? कुठे कुठे चालेल?’ त्यांचं उत्तर त्याच फाइलमध्ये राहतं. फाइलचं नाव बदललं, फोन बदलला, तरी ती माहिती आवाजापासून सुटत नाही.

त्या ‘कुठे कुठे’ला अर्थ आहे. या आजींनी आपलं नाव लेखात आणि प्रबंधात छापायला होकार दिला. रेडिओचं विचारणं झालेलं नाही, म्हणून मी इथे त्यांचं नाव घेत नाही. परवानगी जेवढी, तेवढंच नाव. एखादीने नाव नको म्हटलं, तर ‘गायिकेच्या इच्छेनुसार नाव दिलेलं नाही’ असं लिहायचं. ‘अज्ञात’ लिहायचं नाही. ती अज्ञात नसते, तिने तसं ठरवलेलं असतं.

कायदाही इथे गाणाऱ्याच्या बाजूने आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात गायक आणि वादक हे ‘परफॉर्मर’ म्हणून येतात, आणि 2012च्या दुरुस्तीने, कलम 38-ब प्रमाणे, सादरीकरणाचा कलाकार म्हणून आपली ओळख दिली जावी असा हक्क त्यांना मिळाला. संशोधनासाठी वापराची मुभा कायद्यात आहे, पण म्हणून ओवी पारंपरिक आहे तेव्हा गाणारीचा काही संबंध नाही, असं होत नाही. शब्द परंपरेचे असतील. त्या दिवशीचं गाणं तिचं आहे.

आणि शब्द खरंच परंपरेचे आहेत का, हेही तपासायला हवं. सिन्नर तालुक्यातलंच देशवंडी हे वामनदादा कर्डक यांचं गाव. 1922 ते 2004 हा त्यांचा काळ. त्यांची भीमगीतं इतकी घरोघरी गेली, की ओव्यांच्या बैठकीतही एखादी बाई त्यांचं गीत म्हणते आणि विचारलं तर सांगते, ‘हे आमच्यात पहिल्यापासून हाय.’ तिचं म्हणणं लिहून ठेवावं, कारण गाणं तिच्यापर्यंत तसंच आलेलं असतं. पण शेवटचं कडवं लक्ष देऊन ऐकावं. कवीचं नाव तिथे गुंफलेलं असतं. ‘वामन’ हा शब्द आला, की छापील संग्रहात गीत शोधावं. सापडलं तर कवी म्हणून त्यांचं नाव आणि गायिका म्हणून बाईंचं, अशी दोन्ही नावं येतात. बाईंनी एखादं कडवं बदललं असेल, तर तेही सांगावं. कधी नाममुद्रेचं कडवंच गायलं जात नाही. अशा वेळी जाणत्या शाहिराला ऐकवून घ्यावं आणि तोवर ‘पारंपरिक’ हा शब्द वापरू नये. ‘गायिकेच्या सांगण्यानुसार परंपरागत’ असं लिहावं.

रेकॉर्डिंगच झालं नसेल, नुसतं ऐकून टिपलं असेल, तर? सुरगाणा-कळवणकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात कथेकरी थाळीवर रात्रभर कथा लावतात. तिथे फोन बाहेर काढणं नेहमीच योग्य नसतं. अशा वेळी लेखाच्या मजकुरातच सांगायचं: कुणी गायलं, कुठल्या समाजाचे, कुठल्या गावी, कधी, आणि हे स्मरणावरून टिपलेलं आहे. शेवटच्या यादीत ते घालायचं नाही, कारण यादीतली वस्तू वाचकाला शोधून ऐकता आली पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची एपीए पद्धत आपल्याकडे बऱ्याच विद्यापीठांत चालते, तिच्या सातव्या आवृत्तीतही मौखिक परंपरेसाठी असाच भेद केलेला आहे: ध्वनिमुद्रण मिळण्याजोगं असेल तर यादीत, नसेल तर मजकुरात.

जुन्या छापील संग्रहातून ओवी घेतली असेल, तर संग्रहाचा पानासह संदर्भ द्या आणि पुढे ‘गायिकेची नोंद नाही’ असं स्पष्ट लिहा. ते वाचून कुणीतरी संपादकाच्या हस्तलिखित वह्या धुंडाळायला जाईल. त्या वह्यांत कधी कधी नावं असतात. छापताना जागेअभावी गळलेली असतात.

राहिलं ठेवण्याचं. संदर्भात ‘लेखकाच्या संग्रही’ असं लिहिलं, की लेखकाचा फोन बिघडेपर्यंत तो संदर्भ जिवंत. मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये, जमल्यास 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर घ्यावी. एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल क्रमांक घेऊन ठेवावी आणि तो क्रमांक नोंदीत लिहावा. दुसरी प्रत गायिकेच्या घरी द्यावी, पेनड्राइव्हवर, सोबत छापलेली नोंद. सिन्नरच्या आजींच्या नातवाने ती नोंद वाचून आम्हाला सांगितलं, की पणजीचं गाव निफाड तालुक्यात खरं, पण आम्ही लिहिलंय त्याच्या शेजारचं. ग्रंथालयातल्या नोंदीत ती दुरुस्ती तारखेसह चढवून घेतली आहे.