वाढलेलं लिमिट आणि मोकळा हात

नमस्कार, श्रोतेहो.

हर्णे बंदरात माझे एक शेजारी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. मे महिन्याच्या शेवटी त्यांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला की तुमच्या क्रेडिट कार्डाचं लिमिट 60 हजारांवरून दीड लाख करता येईल, फक्त संमतीचं बटण दाबा. ते मोबाइल घेऊन आमच्या पडवीत आले. "दादा, आपण मागितलं नाही, तरी देतायत. घेऊ का?"

आधी एक गोष्ट सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्डधारकाच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला लिमिट वाढवता येत नाही. बटण दाबलं नाही तर जुनंच लिमिट चालू राहतं आणि नकार दिला म्हणून सिबिल स्कोअर काही खाली येत नाही. संमती मात्र बँकेच्या ॲपमध्ये जाऊन द्या. लिमिट वाढवतो म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला, तर तो भामटा समजा.

लिमिट वाढवल्याचा फायदाही आहे. स्कोअर ठरवताना लिमिटच्या तुलनेत किती रक्कम वापरलेली दिसते हे पाहतात. यालाच युटिलायझेशन म्हणतात. आमचे शेजारी महिन्याला साधारण 24 हजारांचे सुटे भाग कार्डावर घ्यायचे. 60 हजारांच्या लिमिटवर ते 40 टक्के होतात, दीड लाखावर 16 टक्के. 30 टक्क्यांच्या आत राहावं असं जाणकार सांगतात. म्हणजे काहीही न करता त्यांचं चित्र सुधारणार होतं. बिल वेळेवर भरणाऱ्याच्या नावावरही हा आकडा मोठा दिसू शकतो, कारण बँक ठरलेल्या दिवशी कार्डावर जेवढी रक्कम उभी असेल तेवढी कळवते. 2025 पासून ही माहिती निदान पंधरवड्याला जाते. म्हणून मोठी खरेदी झाली की बिलाची वाट न बघता त्यातला काही भाग आधीच भरून टाकावा.

हे सगळं खरं ठरतं ते खर्च तेवढाच राहिला तर. तो राहत नाही. ग्रॉस आणि सुलेलेस या दोन अर्थतज्ज्ञांनी 2002 साली अमेरिकेतल्या कार्डधारकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लिमिट वाढलं की वाढलेल्या रकमेच्या 10 ते 14 टक्के इतकी उधारी वाढते, असं त्यांना दिसलं. आणि जे जुन्या लिमिटच्या जवळपासही नव्हते, त्यांचीही वाढली.

शेजाऱ्यांनी बटण दाबलं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. इंजिनं उघडायचं काम याच दिवसांत येतं, पण होडीवाल्यांचे पैसे येतात ते नारळी पौर्णिमेनंतर, जाळ्यात मासा लागला की. जुन्या लिमिटवर कार्ड अडायचं, मग ते होडीवाल्याकडे जाऊन म्हणायचे, "पार्टपुरते तरी आगाऊ द्या." यंदा कार्ड अडलं नाही, म्हणून त्यांनी आगाऊ मागितलंच नाही. 48 हजारांचे सुटे भाग आले, त्यावर गणपतीची 22 हजारांची खरेदी. बिल आलं 70 हजारांचं, दीड लाखाच्या जवळजवळ 47 टक्के. म्हणजे युटिलायझेशन आधीपेक्षाही वर गेलं.

हातात पैसे नव्हते, म्हणून त्यांनी किमान रक्कम भरली, साडेतीन हजार. उरले साडेसहासष्ट हजार. त्यांच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के. एका महिन्याचं व्याज आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी मिळून पावणेतीन हजार होतात. भरलेल्या साडेतीन हजारांतले जेमतेम साडेसातशे मुद्दलात गेले असं समजा. वर पूर्ण बिल न भरल्यामुळे नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही गेली, पुढचा ऑइल फिल्टर घेतल्या दिवसापासून व्याज लागू झालं.

माझं स्पष्ट मत आहे की ज्याची आवक वर्षभर सारखी नाही, त्याने मागचं वर्ष उघडून पावसाळ्यातल्या बिलांकडे बघावं. ती पूर्ण भरलेली असतील तर वाढीव लिमिट घ्यायला हरकत नाही. एखाद्या जरी बिलाची किमान रक्कम भरून सुटका करून घेतली असेल, तर नकार द्यावा.

सप्टेंबरात शेजारी म्हणाले, लिमिट लगेच कमी करून टाकतो. मी थांबवलं. साडेसहासष्ट हजार उभे असताना लिमिट 90 हजारांवर आणलं असतं, तर युटिलायझेशन 74 टक्के दिसलं असतं. आधी थकबाकी उतरवायची, मग लिमिट. कार्ड खिशातून काढून त्यांनी कपाटात ठेवलं, वसुली येईल तशी कार्डावर भरत गेले आणि डिसेंबरात बाकी शून्य झाल्यावर बँकेला लिहून लिमिट 90 हजारांवर आणून घेतलं. आता जूनमध्ये इंजिन उघडायच्या आधी ते होडीवाल्याकडे आगाऊ मागतात.

नमस्कार.