फोटोतल्या पानावरचा सा

नमस्कार. समोर बसलेल्यांत पेटीवाले जास्त दिसतात, म्हणून पेटीच्याच भाषेत बोलतो. आपल्या गोव्यात हे नेहमीचं आहे: मडगावचा एखादा व्हायोलिनवाला छापील नोटेशनच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि म्हणतो, परवाच्या कार्यक्रमात ही चाल घेऊया. पान आपल्या हातात नसतं, फोटो असतो. त्यावरून स्वर, सा आणि मात्रा खात्रीनं कशा ओळखायच्या, तेवढंच आज बघू.

पाच रेघा खालून वर मोजायच्या. डावीकडे वळणदार ट्रेबल क्लेफ असेल तर रेघांवर खालून ई, जी, बी, डी, एफ आणि मधल्या घरांत एफ, ए, सी, ई. पेटीवर सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, असं पुढं चालू. हे पाठ करायलाच हवं, त्याला दुसरी वाट नाही.

आता फोटोची अडचण. पुस्तकाचं उजवं पान असेल तर त्याची डावी कड शिवणीत जाते. पान तिथंच वाकतं, सावलीही तिथंच पडते, आणि क्लेफ, शार्प-फ्लॅटच्या खुणा, मात्रांचे आकडे हे सगळं नेमकं तिथंच छापलेलं असतं. पण यातल्या क्लेफ आणि शार्प-फ्लॅट प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पुन्हा छापतात. पहिली ओळ पुसट असेल तर तिसरी-चौथी बघा. मात्रांचे आकडे मात्र एकदाच, पहिल्या ओळीत येतात. मध्येच ताल बदलला तरच पुन्हा दिसतात. ते गेले की मोजणं आलं.

क्लेफ कापला गेला तरी वाट असते. एकच फ्लॅट असेल तर तो नेहमी बीचा. त्याचं पोट मधल्या, म्हणजे तिसऱ्या रेघेवर असेल तर ती ट्रेबलची ओळ, खालून दुसऱ्या रेघेवर असेल तर बेसची. एकच शार्प असेल तर तो एफचा: ट्रेबलमध्ये सर्वांत वरच्या रेघेवर, बेसमध्ये चौथ्या.

आता एक चाल घेऊ. उदाहरणासाठी मीच चार ओळी बांधल्या आहेत, फळ्यावर काढतो. तिसऱ्या रेघेवर एक फ्लॅट आहे आणि आकड्यांच्या जागी शिवणीची काळी सावली. पहिल्या उभ्या रेघेआधी एकच स्वर आहे, दुसऱ्या घरातला ए, भरीव डोकं आणि दांडी, म्हणजे एक मात्रा. मग पहिला पूर्ण बार: चौथ्या रेघेवर डी, त्याच्यापुढं ठिपका, म्हणजे दीड मात्रा. वरच्या घरात ई, दांडीला शेपूट, म्हणजे अर्धी. सर्वांत वरच्या रेघेवर एफ, एक. झाल्या तीन. दुसऱ्या बारात ई, सी आणि ए, प्रत्येकी एक मात्रा, आणि सीच्या आधी शार्पची खूण. पुन्हा तीन. तिसऱ्यात तिसऱ्या रेघेवर बी, मग ए आणि जी अर्ध्या-अर्ध्या, मग एफ. तीनच. असंच पुढं जात चाल संपते ती डीवर, खालच्या रेघेला लोंबणाऱ्या पोकळ डोक्यावर, दोन मात्रा. शेवटचा बार एका मात्रेनं कमी, कारण ती मात्रा सुरुवातीच्या एकट्या एनं घेतलेली आहे. ही छपाईतली चूक समजू नका. तिथं एक मात्रा विश्रांती घालाल तर चाल पुन्हा धरताना घसरेल.

तीन मात्रा म्हणजे ३/४ की ६/८? बेरीज दोन्हींची सारखीच भरते. एका बारात सहा अर्धे स्वर सापडतात का ते शोधा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या जाड पट्ट्या बघा. तीन-तीनचे दोन गट असतील तर ६/८, दादऱ्यासारखं दोन ठिकाणी वजन. दोन-दोनचे तीन गट, किंवा सहाही एका पट्टीखाली, असतील तर ३/४. आपल्या पानावर तीन जोड्या आहेत, म्हणून ३/४. बारात एकेक मात्रेचे सहा स्वर भरत असतील आणि पान मांडोचं असेल तर आधी ६/४ धरून बघा, मांडो बहुधा तसाच लिहिलेला असतो.

मोजताना ठिपक्यांकडे फार लक्ष द्या, फोटोत सर्वांत आधी तेच हरवतात. बार अर्ध्या मात्रेनं कमी पडला तर ठिपका पुसला गेलाय. आणि आपल्याकडं पावसाळ्यात कागदावर तांबूस डाग धरतात, ते फोटोत ठिपक्यासारखे दिसतात. मग बार अर्ध्या मात्रेनं जास्त भरतो. छापलेला ठिपका नेहमी घरात असतो. स्वर रेघेवर असला तरी त्याचा ठिपका वरच्या घरात सरकवतात. अगदी रेघेवर बसलेला ठिपका डागच समजा.

आता सा, आणि इथंच पेटीवाले फसतात. एक फ्लॅट दिसला की कोष्टक सांगतं एफ मेजर, आणि आपण पांढरी चार धरतो. पण तीच खूण डी मायनरचीही आहे. निवाडा कसा करायचा? शेवटचा स्वर डी आहे, हा एक पुरावा. दुसरा त्याहून पक्का, आणि तो आपल्याला पाश्चात्त्य वाचकापेक्षा लवकर दिसायला हवा. पांढरी चारला सा धरलात तर सी हा पंचम होतो, आणि पानावर सीला शार्प आहे, म्हणजे पंचम चढलेला! आपला पंचम अचल. एखाद्या ठिकाणी ओझरता चढवलेला स्वर त्यांच्याकडं येऊ शकतो, पण चालीत तो पुन्हा पुन्हा येत असेल आणि लगेच वर डीकडे जात असेल, तर आपण धरलेला साच चुकलाय. पांढरी दोनला सा धरा. सी शार्प, म्हणजे काळी एक, हा शुद्ध निषाद झाला. बी फ्लॅट, काळी पाच, कोमल धैवत. एफ कोमल गंधार. किरवाणीचे स्वर समोर आले, आणि चाल हाताला लागली.

एक लक्षात ठेवा. बीच्या जवळ फ्लॅट छापलेला नाही, तो ओळीच्या तोंडाशी आहे, आणि तरी प्रत्येक बीला लागू आहे, कुठल्याही सप्तकातल्या. उलट सीचा शार्प फक्त त्या बारापुरता आणि त्याच जागेवरच्या सीला. पुढच्या बारात खूण नसेल तर सी पुन्हा पांढरी एक, कोमल निषाद.

शंका राहिली तर पाठवणाऱ्याला फोन करा, पण सांभाळून. चर्चमध्ये सोल्फ शिकलेला वादक दो, रे, मी म्हणेल आणि त्याचा दो कायम पांढरी एकच असतो. तो ‘सी बेमोल’ म्हणेल तेव्हा तो बी फ्लॅट सांगतोय, इंग्रजी सी नव्हे. पेटीवर काळी पाच आणि पांढरी एक यांत हा घोळ झाला तर सगळी चाल बिघडते. म्हणून त्याला कळीच विचारा: पियानोवर दोन काळ्यांच्या गटातली की तीनच्या? तीनच्या गटातली शेवटची म्हणाला, तर तुमची काळी पाच.

आणि फोटोत पहिलं पानच नसेल, पाठवलेलं पान मधलंच असेल, तर मात्रा मोजून कळतील, पण सुरुवातीची एकटी मात्रा आहे की नाही ते कळणार नाही. गतीची सूचनाही पहिल्याच पानाच्या डोक्यावर असते. तेव्हा पहिलं आणि शेवटचं, दोन्ही पानं मागवा. पुस्तक शिवणीपाशी दाबून सपाट करायला, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, बरोबर वरून फोटो काढायला सांगा.