दिवाळीचं पार्सल आणि उशिराचा निरोप

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी तोंडावर आली की ऑनलाइन दुकान चालवणाऱ्याला एक निरोप कधी ना कधी लिहावाच लागतो : तुमची वस्तू सणाला पोहोचणार नाही. तो कसा लिहावा, हे मी कोल्हापूरच्या सुभाषनगरात पाहिलं. तेच आज सांगतो.

माझ्या ओळखीच्या एक ताई कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतात. वडील कारागीर, त्यांना सगळे आबा म्हणतात. दसऱ्याला पाडव्याच्या आणि भाऊबीजेच्या ऑर्डरी भरभरून आल्या, आणि मग परतीचा पाऊस ठाण मांडून बसला. कातडं वाळायला ऊन लागतं, ते मिळेना. वरून कोरडे दिसणारे तळ आबांनी अंगठ्यानं दाबून पाहिले आणि म्हणाले, "पोरी, आत ओल हाय. डबा बंद केलास की बुरा धरणार. न्हाई पाठवायचं."

अडचण एवढीच नव्हती. ताईंनी पार्सलांची लेबलं आधीच काढून ठेवली होती. लेबल निघालं की ट्रॅकिंग नंबर तयार होतो आणि गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जातो, की तुमची ऑर्डर निघाली. चपला मांडवाखाली दोरीवर, आणि नागपूरचा गिऱ्हाईक ट्रॅकिंग उघडून बघतोय, पार्सल हलतच नाही! उशीर माणूस सोसतो हो, पण आपल्याला खोटं सांगितलं असं वाटलं की तो त्या दुकानात परत येत नाही.

त्या संध्याकाळी ताईंनी पहिल्यांदा ती लेबलं रद्द केली. मग साइटवरची 'दिवाळीपूर्वी घरपोच' ही पट्टी काढली. हे बरेच जण विसरतात. इकडे माफी मागतात आणि तिकडे त्याच तारखेच्या नव्या ऑर्डरी घेत राहतात. मग त्यांनी ऑर्डरींचे तीन गठ्ठे केले. ज्या चपला कुरिअरकडे गेल्या होत्या, त्या गिऱ्हाइकांना काहीच कळवलं नाही; उगाच घोर कशाला? ज्या कोरड्या होत्या पण उचलायच्या राहिल्या होत्या, त्यांना फक्त नवी तारीख कळवली. आणि ज्या ओल्या होत्या, त्यांना हा निरोप गेला. सावकाश वाचतो :

"तुमची चप्पल अजून आमच्याकडेच आहे. ऑर्डर निघाल्याचा मेसेज तुम्हाला आला, तो चुकीचा होता. पावसामुळे तळ वाळलेला नाही आणि ओला तळ डब्यात घातला तर बुरशी येते. चप्पल भाऊबीजेपर्यंत पोहोचणार नाही. पुढच्या सोमवारी निघेल, शनिवारपर्यंत मिळेल. थांबायचं नसेल तर 'परत' एवढंच लिहून पाठवा. पूर्ण पैसे आम्ही त्याच दिवशी सोडू. खात्यात दिसायला बँकेचे काही दिवस जातील."

खाली ताईंचा स्वतःचा फोन नंबर आणि फोनची वेळ.

बघा, कुरिअरवाल्याचं नाव नाही, आमचा दर्जा असा नि परंपरा तशी हे नाही. पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपनही नाही, आणि ते मला फार पटलं. ज्याच्या हातात यंदाची वस्तू नाही त्याला पुढच्या खरेदीला बोलावू नये.

तारीख मात्र ताईंनी जपून दिली. आबा म्हणत होते, ऊन पडलं तर गुरुवारी देतो. ताईंनी सोमवार लिहिला. कारण पहिली तारीख हुकली तर माणूस समजून घेतो. दुसरी हुकली की संपलं. परत सांगतो : दुसरी तारीख हुकता कामा नये.

काहींनी पैसे परत घेतले, बहुतेक थांबले. नागपूरच्या त्या भावानं फोन करून एवढंच मागितलं, की बहिणीला दाखवायला चपलेचा फोटो द्या. ऊन पडल्यावर आबांनी ती जोडी अंगणात ठेवली आणि ताईंनी फोटो पाठवला.

आता घेणाऱ्यांसाठी थोडकं. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम 2020 पासून लागू आहेत. सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला तर तो परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. महापुरासारखी आवाक्याबाहेरची आपत्ती असेल तर गोष्ट वेगळी. 2019 साली कोल्हापूरजवळ शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला होता, तसं काही. तक्रार केली की तिची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. दुकान दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915. लिहून घ्या, एक नऊ एक पाच. फोन करताना ऑर्डर नंबर आणि दुकानानं दिलेल्या तारखेचा मेसेज हाताशी ठेवा.