‘ण’वरून नाव ठेवायचं म्हणजे काय करायचं?

मंडळी, आजचा विषय आहे बाळाचं नावरस अक्षर कसं काढावं. ते सांगतोच. पण त्याआधी हस्त नक्षत्राचा तिसरा चरण, कारण तिथे भल्याभल्यांची दांडी उडते.

नक्षत्रं २७, प्रत्येकाचे चार चरण आणि दर चरणाला एक अक्षर. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. गुरुजी पंचांग मिटून म्हणतात, “ण आलाय.” घरात शांतता. मग कुणीतरी जाणतं माणूस तोडगा काढतं, “अहो, ण काय नि न काय, नीलेश ठेवा!” (हसू नका, तुमच्यातलेच दोन-तीन नीलेश असे झालेले असतील.) ‘नी’ हे अक्षर अनुराधेचं. हस्त कन्या राशीत, अनुराधा वृश्चिकेत. पुढे लग्नाच्या वेळी जन्मवेळ सापडली नाही, की नावाच्या पहिल्या अक्षरावरूनच गुणमेलन करतात, आणि कन्येच्या मुलाचे गुण वृश्चिकेचा म्हणून मोजले जातात.

त्यापेक्षा त्याच नक्षत्राचं शेजारचं अक्षर घ्यावं. ‘पू’ घेतलं तर पूर्वा आहे, पुष्कर आहे. ह्रस्व-दीर्घ इथे एकच धरतात. ‘ठ’ही चालतो, पण ठमाबाई, ठकूबाई यांच्यापुढे गाडी सरकत नाही. मात्र हा उपाय सगळीकडे लावू नका. हस्ताचे चारही चरण कन्येत आहेत म्हणून तो चालतो. कृत्तिकेचा पहिला चरण ‘अ’ मेषेत आणि उरलेले ई, उ, ए वृषभेत. तिथे ‘अ’ सोडून ‘उ’ घेतलात की रास बदलली.

आणि नावरस नाव पत्रिकेपुरतं ठेवून आत्याने कानात दुसरंच नाव सांगितलं, तरी कुणी अडवत नाही. बऱ्याच घरांत तसंच करतात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. आता मूळ विषय, भरभर. पंचांगात नक्षत्र संपायची वेळ असते. आधीचं नक्षत्र संपलं ती तुमच्या नक्षत्राची सुरुवात. दोन्हींतलं अंतर काढून चाराने भागा. समजा, उत्तरा सोमवारी सकाळी ९:४० ला संपलं आणि हस्त मंगळवारी सकाळी ८:०४ ला. मध्ये २२ तास २४ मिनिटं, म्हणजे एक चरण ५ तास ३६ मिनिटांचा. ‘पू’ दुपारी ३:१६ पर्यंत, ‘ष’ रात्री ८:५२ पर्यंत, ‘ण’ पहाटे २:२८ पर्यंत, पुढे ‘ठ’.

सरसकट सहा तासांचा चरण धरू नका, चंद्राची गती रोज सारखी नसते. कॅलेंडरच्या चौकटीत छापलेलं नक्षत्र पाहून तर अजिबात ठरवू नका. ते दिवसात कधीही बदलतं. आणि कागदावर जन्म रात्री ९ चा लिहिलाय, पण खरा ८:५० चा असेल, तर बाळ ‘ण’चं नाहीच, ‘ष’चं आहे. तेव्हा वेळ चरणाच्या काठावर आली, तर आधी सुईणीच्या किंवा नर्सच्या नोंदीत मिनिट बघा. तीही गोल आकड्यात असेल, तर दोन्ही चरणांची अक्षरं घरच्यांपुढे ठेवा.